कूलरच्या सीझनमध्ये तेच ते मेसेज: कीबोर्डचे शॉर्टकट नीट कसे बसवायचे

प्रश्न: मानेवाडा रोडला माझं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. मार्चपासून व्हॉट्सॲपवर लोक दर काय, कधी येता, हेच विचारतात आणि मी तेच तेच लिहून राहिलो. फोन अँड्रॉइड आहे. कधी मराठीत लिहितो, कधी इंग्रजी अक्षरांत मराठी, कधी हिंदी. दोन-तीन अक्षरं टाकली की पूर्ण मेसेज येईल असे शॉर्टकट मी करून पाहिले, पण ते कधी येतात, कधी येत नाहीत. मुलाकडे आयफोन आहे, तोही गिऱ्हाइकांना उत्तरं देतो. दोघांच्या फोनवर हे पक्कं कसं बसवायचं?

उत्तर:

कधी येतं आणि कधी येत नाही, याचं कारण बहुतेक वेळा भाषेच्या यादीत सापडतं. गूगलचा कीबोर्ड, म्हणजे जीबोर्ड, प्रत्येक भाषेसाठी वेगळी यादी ठेवतो. तुम्ही शॉर्टकट इंग्रजीच्या यादीत घातला असेल, तर तो इंग्रजी कीबोर्ड समोर असतानाच दिसतो. ग्लोब दाबून मराठीवर गेलात की त्या यादीचा संबंध संपतो. तुम्ही दिवसभर तीन तऱ्हेने लिहिता, त्यामुळे तुम्हाला ते लहरी वाटतं.

दुसरी शक्यता अशी की फोनमध्ये दोन कीबोर्ड आहेत. सॅमसंगच्या फोनवर त्यांचा स्वतःचा कीबोर्ड आधीपासून असतो आणि जीबोर्ड नंतर येतो. एकात केलेली नोंद दुसऱ्याला माहीत नसते. सॅमसंगचा कीबोर्ड वापरत असाल तर त्याची जागा Settings, General management, Samsung Keyboard settings आणि त्याच्या आत Text shortcuts अशी आहे. दोन्हींत नोंदी करत बसण्यापेक्षा एक कीबोर्ड कायमचा ठरवा. मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही लागत असतील तर जीबोर्ड ठेवा. पुढचं सगळं तो धरूनच लिहितो.

व्हॉट्सॲपमध्ये कोणतीही चॅट उघडा, कीबोर्ड वर आला की वरच्या पट्टीतलं दातेरी चाकाचं चिन्ह दाबा. आत Dictionary, मग Personal dictionary. इथे भाषांची यादी दिसेल आणि तिच्यात All languages अशीही एक ओळ असेल. ती उघडा. कोपऱ्यातलं अधिकचं चिन्ह दाबलं की दोन रकाने येतात. वरच्या रकान्यात पूर्ण मेसेज आणि खालच्या रकान्यात शॉर्टकट. पुष्कळ जण हे उलटं भरतात आणि मग काहीच येत नाही म्हणून सोडून देतात. मागे बाणाने बाहेर आलात की नोंद जपली जाते. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१२ सालच्या ४.१ आवृत्तीपासून आहे, त्यामुळे फोन जुना असला तरी अडत नाही.

आधी तुमच्या जुन्या नोंदी शोधा. English (India) आणि Marathi या याद्या उघडून पाहा, तिथे पडलेल्या असतील. त्या पुसून All languages मध्ये नव्याने घाला. दोन याद्यांत एकाच शॉर्टकटचे दोन वेगळे मजकूर राहिले, तर दर बदलल्यावर एक सुधारला जातो आणि दुसरा जुनाच जात राहतो.

आता अक्षरं कोणती घ्यायची. मराठी लिहिणाऱ्याचा घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. इंग्रजीत लिहिणारे लोक पत्त्यासाठी ad, वेळेसाठी tm असं काहीतरी घेतात. पण आपण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो तेव्हा दोन-तीन अक्षरांचे शब्द फार असतात: de, ye, pan, ata, ho, kay. यातला कुठलाही शब्द शॉर्टकट झाला, की साधं वाक्य लिहिताना मध्येच दरपत्रक उगवणार. आयफोनवर तर ते स्पेस दाबताच आपोआप बदलतं. म्हणून सुरुवातीचं अक्षर असं हवं, जे रोजच्या लिहिण्यात येतच नाही. इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत q जवळजवळ कधीच लागत नाही, आणि ते कीबोर्डच्या अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यात असल्यामुळे न बघता सापडतं. तेव्हा दरासाठी qd, पत्त्यासाठी qp, फोटोसाठी qf, वेळेसाठी qv, पैशासाठी qu असं बसवा. एक मात्र टाळा: qr. क्यूआर पाठवतो असं तुम्हाला रोजच लिहावं लागत असणार.

देवनागरी कीबोर्डवर q नाही. तिथे मराठीनेच आपली सोय करून ठेवली आहे: ण आणि ळ या अक्षरांनी आपल्याकडे शब्द सुरू होत नाही. म्हणजे णद, णप, णफ, णव, णय हे शॉर्टकट घेतले तर खऱ्या शब्दाशी टक्कर होणार नाही. ळ ही चाललं असतं, पण हिंदी कीबोर्डवर ते सहज हाताशी नसतं आणि तुम्हाला हिंदीही लिहायची आहे, म्हणून ण घ्या. प्रत्येक मेसेजच्या All languages मध्ये दोन नोंदी होतील, एक q ची आणि एक ण ची, मजकूर तोच. पहिला मजकूर लिहिल्यावर कॉपी करून दुसऱ्यात चिकटवा. हाताने पुन्हा लिहिलात तर कुठेतरी फरक राहतोच.

देवनागरी शॉर्टकटमध्ये जोडाक्षर, काना-मात्रा, ॲ आणि ऱ्य मुळीच घेऊ नका. नुसती सुटी व्यंजनं ठेवा. कारण असं की काही अक्षरं दिसायला एक असतात, पण फोनच्या आत ती दोन तऱ्हेने साठवली जातात. ॲप या शब्दातलं ॲ एका कीबोर्डवरून एकच अक्षर म्हणून येतं, तर दुसऱ्यावरून अ आणि वरचा चंद्र अशी दोन चिन्हं म्हणून. दुसऱ्या, तिसऱ्या यातल्या र चंही तसंच आहे. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण कीबोर्ड चिन्हं जुळवून पाहतो आणि ती जुळली नाहीत की गप्प बसतो. मजकुरात ही अक्षरं हवी तेवढी असू देत, तिथे जुळवणी होत नाही.

इंग्रजी अक्षरं टाइप करून देवनागरी उमटवणारा कीबोर्ड, म्हणजे ज्याच्यावर abc → मराठी असं लिहिलेलं असतं, तो या कामाला गैरसोयीचा आहे. तिथे तुम्ही qd टाकलं की तो त्याचं देवनागरीत रूपांतर करायला लागतो आणि तुमच्या नोंदीपेक्षा स्वतःचे शब्द पुढे करतो. तिथे धडपडू नका. शॉर्टकट वापरायचा असेल तेव्हा ग्लोब दाबून साध्या इंग्रजीवर या आणि qd टाका. मेसेज मराठीत लिहून ठेवलेला असल्यामुळे तो मराठीतच येईल. तो देवनागरीत यावा म्हणून कीबोर्डही मराठीच हवा, असं मुळीच नाही.

जीबोर्डवर शॉर्टकट टाकला की मेसेज वरच्या सूचनांच्या पट्टीत दिसतो आणि त्याच्यावर बोट टेकवावं लागतं. स्पेस दाबून तो आपोआप बसेल यावर विसंबू नका. कधी बसेल, कधी qd हेच तसंच राहील, आणि कधी कीबोर्ड ते चुकीचं स्पेलिंग समजून दुसराच शब्द घालेल. अक्षरं टाकली, पट्टीत पाहिलं, बोट टेकवलं, मग पाठवलं, हा क्रम हाताला बसू द्या.

पट्टीत जागा थोडी असते, लांब मजकूर तुटक दिसतो. म्हणून प्रत्येक मेसेजची सुरुवात नमस्काराने करू नका. सगळ्यांच्या तोंडी नमस्कारच असला, तर दराचा मेसेज आला की पत्त्याचा, हे पट्टीत कळत नाही. ओळखीचा शब्द आधी आणि आदर मागाहून. उदाहरणार्थ:

> दर: घरी येऊन तपासणी २०० रु., दुरुस्ती केली तर यातले १०० रु. बिलात वजा. पंप, पॅड, मोटर लागल्यास त्याचे वेगळे, आधी सांगून मगच बसवतो. धन्यवाद.

आकडे अर्थात तुमचे घाला. पट्टीत "दर: घरी येऊन…" एवढं दिसलं तरी पुरतं.

मेसेज लिहिताना दुसरी अडचण बदलत्या माहितीची असते. वेळ, नाव, रक्कम दर गिऱ्हाइकागणिक वेगळी. बरेच जण मध्ये रेघ सोडतात: "आमचा माणूस ____ वाजता तुमच्याकडे येईल." मग कर्सर वाक्याच्या शेवटी, रेघ मध्यभागी. बोटाने तिथे नेमकं टेकवायचं, रेघ पुसायची, वेळ लिहायची. घाईत ती रेघ तशीच जाते आणि गिऱ्हाइकाला रिकाम्या जागेचा मेसेज मिळतो. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे बदलती गोष्ट नेहमी मध्येच अडकते. त्यावर उपाय म्हणजे वाक्याची घडी मोडून बदलती गोष्ट शेवटी न्यायची:

> माणूस येईल. पंखा आणि पंप बंद करून टाकीतलं पाणी काढून ठेवा. यायची वेळ:

मजकूर बसला की कर्सर बरोबर "यायची वेळ:" च्या पुढे उभा असतो. "दुपारी ४" लिहायचं आणि पाठवायचं. एखाद्या मेसेजमध्ये दोन बदलत्या गोष्टी असतील तर त्याचे दोन मेसेज करा. दोन रिकाम्या जागांचा शॉर्टकट सीझनच्या गर्दीत कधी ना कधी दगा देतोच.

"येतो" किंवा "येते" असं मेसेजमध्ये बांधून टाकू नका. तुमच्या फोनवरून घरातलं दुसरं कुणी उत्तर देत असेल तर ते विचित्र वाचलं जातं. "माणूस येईल", "आमच्याकडून फोन येईल" असं ठेवलं की कुणीही पाठवलं तरी चालतं. आणि सगळीकडे "तुम्ही" ठेवा. एका मेसेजमध्ये "आपण" आणि पुढच्यात "तुम्ही" असलं की तयार मजकूर चिकटवल्याचं लगेच कळतं.

कोणते मेसेज करायचे, ते अंदाजाने ठरवू नका. मागच्या दोन-तीन दिवसांच्या चॅट वर-खाली करून पाहा आणि जे वाक्य पुन्हा पुन्हा लिहिलेलं दिसेल तेवढंच घ्या. कूलरच्या धंद्यात ते पाच-सहाच निघतील. दर आणि वेळ वर आले. फोटोचा मेसेज मला सर्वांत कामाचा वाटतो, कारण त्याने एक फेरी वाचते:

> फोटो पाठवा: एक समोरून, एक मागची जाळी काढून आतला, एक पंपाचा. सोबत लिहा: पंखा फिरतो का? पाणी वर चढतं का? पॅड गवताचा की हनीकॉम्ब?

गिऱ्हाईक नुसतं "कूलर थंड नाही करून राहिला" असं लिहितं. पाणी वर चढत नसेल तर पंप किंवा त्याची नळी पाहायची, चढत असेल तर पॅड किंवा पंखा. हे आधी कळलं तर वर्धमान नगरला जाताना कुठला माल सोबत न्यायचा ते ठरतं. म्हणून या मेसेजमध्ये प्रश्न थेट आहेत. "समस्या सविस्तर सांगा" असं लिहिलं असतं तर परत "थंड होत नाही" एवढंच आलं असतं.

पत्त्याचा मेसेजही तसाच नेमका ठेवा: "पत्ता पाठवा: भाग, जवळचा चौक, घर नंबर, मजला. लोकेशनही टाका." मजला यासाठी की वरच्या मजल्यावरचा मोठा लोखंडी कूलर खाली उतरवायला दोन माणसं लागतात. पैशाच्या मेसेजमध्ये युपीआय आयडी आणि तो कुणाच्या नावाने दिसेल हे लिहा, रक्कम शेवटी: "…नाव तपासूनच पैसे टाका. रक्कम:". आणि सहावा, जो मे महिन्यात, नवतपा सुरू झाल्यावर सारखा लागेल: "आज जागा नाही. उद्या सकाळच्या यादीत नाव घेतलं तर चालेल का?" शेवटी प्रश्न ठेवल्यामुळे गिऱ्हाईक हो-नाही करतं आणि यादी लगेच पक्की होते.

हिंदीसाठी त्याच शॉर्टकटला पुढे h किंवा ह जोडा: qdh, णदह. मराठी गिऱ्हाइकाला qd, हिंदीला qdh. नवीन अक्षरं पाठ करावी लागत नाहीत. इथे एक सावधगिरी आहे: qd टाकून झाल्यावर तुम्ही पट्टीत मराठी मजकूर पाहाल, h टाकला की तो बदलून हिंदी येईल. h च्या आधीच बोट टेकवलं तर मराठी जाईल. हिंदी मजकुराचा पहिला शब्द वेगळा ठेवलात, म्हणजे "दर:" ऐवजी "रेट:", तर नजरेला लगेच कळतं.

आता एक नोंद नीट चालते का ते पडताळायचं. व्हॉट्सॲपमध्ये स्वतःच्याच नंबरची चॅट उघडा. इंग्रजी कीबोर्डवर qv टाका, पट्टी पाहा, बोट टेकवा. मग मराठी कीबोर्डवर जाऊन णव टाका. मग एखाद्या शब्दाला चिकटवून, मध्ये जागा न सोडता qv टाका. शेवटच्या वेळी काही येणार नाही, आणि ते बरोबर आहे. कीबोर्ड आधीचा शब्द आणि qv मिळून एकच शब्द समजतो. पूर्णविरामानंतर जागा न सोडता लिहायची सवय असेल तर तिथेही हेच होऊ शकतं.

एवढं करूनही येत नसेल तर पट्टीकडे बघा, ती कारण सांगते. पट्टी मुळीच दिसत नसेल, तर जीबोर्डच्या सेटिंगमध्ये Text correction उघडून सूचना दाखवायचा खटका चालू करा. पट्टीत दुसरेच शब्द येत असतील, तर भाषा किंवा यादी चुकली आहे. फक्त एखाद्याच ठिकाणी येत नसेल, तर तो रकाना पाहा. पासवर्डच्या आणि नुसत्या आकड्यांच्या रकान्यांत कीबोर्ड सूचना देत नाही, आणि काही ॲप स्वतःहून सूचना बंद ठेवतात. तिथे फोन बिघडलेला नसतो. आणि बोट न उचलता अक्षरांवरून सरकवत लिहायची सवय असेल, तर शॉर्टकट तसा टाकू नका. सरकवून लिहिताना कीबोर्ड ओळखीचे शब्द शोधतो. q आणि v वेगवेगळी दाबा.

चिन्हांनी सुरू होणारे शॉर्टकट, म्हणजे ;d किंवा #d, आयफोनवाले पुष्कळ वापरतात. तुमच्या फोनवर ते नकोत. जीबोर्ड चिन्हाला शब्दाची हद्द समजतो आणि त्याच्या पुढचं अक्षर तेवढं घेऊन शोधत बसतो. शिवाय चिन्हासाठी दुसऱ्या पानावर जावं लागतं, त्यात वाचलेला वेळ जातो. दोन्ही फोनवर एकच यादी हवी असेल तर चिन्हं सोडलेलीच बरी.

आता मुलाचा आयफोन. तिथली जागा Settings, General, Keyboard, Text Replacement. वरचं अधिकचं चिन्ह दाबा. Phrase मध्ये पूर्ण मजकूर, Shortcut मध्ये अक्षरं, मग Save. इथे भाषांच्या वेगळ्या याद्या नाहीत, एकच यादी सगळ्या कीबोर्डना चालते. शॉर्टकटमध्ये मधली जागा चालत नाही. तपासायला नवीन काही करायचीही गरज नाही: आयफोनमध्ये omw ची एक नोंद आधीपासून असते. omw टाकून स्पेस दाबल्यावर "On my way!" आलं, तर यंत्रणा सुरू आहे असं समजा.

आयफोनचा स्वभाव मात्र उलटा आहे. तिथे पट्टीवर बोट टेकवावं लागत नाही, स्पेस किंवा विरामचिन्ह दाबताच मजकूर बसतो. म्हणून मुलाला एकच सांगा: शॉर्टकट टाकून थेट पाठवायचं बटण दाबायचं नाही. स्पेस, नजर, मग पाठवा. नको असेल तर शॉर्टकटवर आलेल्या छोट्या फुग्यावर बोट टेकवलं की तो बदल रद्द होतो. चुकीचा मेसेज गेलाच तर व्हॉट्सॲपवर १५ मिनिटांच्या आत त्याच्यावर दाबून धरून तो दुरुस्त करता येतो. दराच्या बाबतीत ते लगेच करा.

ओळी तोडायचा प्रश्न राहतो. जीबोर्डच्या नोंदीचा रकाना एका ओळीचा आहे, त्यात एंटर देता येत नाही. वर दिलेले सगळे मेसेज म्हणूनच एका दमात वाचता येतील असे लिहिले आहेत. व्हॉट्सॲपमध्ये *दर:* असं दोन्ही बाजूंना ताऱ्याचं चिन्ह घातलं तर तो शब्द ठळक दिसतो आणि शॉर्टकटमधूनही तो तसाच जातो. लांब मजकुरात ओळी नसल्या तरी एवढ्याने वाचायला सोपं होतं.

पण वर्षाच्या देखभालीच्या कराराच्या अटी किंवा पॅड-पंपांचं पूर्ण दरपत्रक, म्हणजे आठ-दहा ओळींचा मजकूर, कीबोर्डमध्ये कोंबू नका. तुम्ही व्हॉट्सॲप बिझनेस वापरत असाल तर त्यातलं Business tools उघडून Quick replies मध्ये ठेवा. तिथे ओळी तोडता येतात, फोटो जोडता येतो, आणि ५० पर्यंत उत्तरं साठवता येतात. चॅटमध्ये / टाकलं की यादी समोर येते. ही उत्तरं फक्त त्याच ॲपमध्ये चालतात. साध्या एसएमएसमध्ये किंवा दुसऱ्या ॲपमध्ये कीबोर्डचेच शॉर्टकट लागतात. म्हणून माझं मत असं की एका-दोन वाक्यांचं कीबोर्डमध्ये आणि लांबलचक ते तिकडे. साधं व्हॉट्सॲप असेल, तर जीबोर्डच्या क्लिपबोर्डमध्ये तो लांब मजकूर कॉपी करून त्याच्यावर दाबून धरा आणि पिन करा. पिन केलं नाही तर तासाभराने तो निघून जातो.

शॉर्टकटसाठी वेगळी ॲपही मिळतात, स्पेस दाबताच मजकूर बसवणारी. अँड्रॉइडवर ती चालायला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात, म्हणजे पडद्यावर जे दिसतं आणि लिहिलं जातं ते त्यांना वाचता येतं. ज्या फोनवर युपीआय आहे त्याच्यावर पाच-सहा मेसेजसाठी ही परवानगी देऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो. तसंच पिन, पासवर्ड, आधार क्रमांक यातलं काहीही शॉर्टकटमध्ये ठेवू नका. ती यादी कुलूपबंद नसते. तुमचा फोन हातात घेऊन दोन अक्षरं टाकणाऱ्या कुणालाही ते दिसेल.

दोन्ही फोनच्या याद्या एकमेकांशी आपोआप जुळणार नाहीत. आयफोनच्या नोंदी आयक्लाउडवरून फक्त त्याच खात्याच्या दुसऱ्या ॲपल उपकरणांवर जातात, तुमच्या अँड्रॉइडवर नाही. म्हणून मूळ यादी एका वहीत किंवा फोनमधल्या नोट्समध्ये ठेवा: शॉर्टकट, पूर्ण मजकूर, आणि शेवटी बदलल्याची तारीख. दर बदलला की आधी तिथे बदला, मग तिथूनच कॉपी करून दोन्ही फोनमध्ये चिकटवा. रक्कम दराच्या मेसेजशिवाय दुसऱ्या कुठल्याही मेसेजमध्ये लिहू नका, म्हणजे बदलायच्या जागा ठरलेल्या राहतात: तुमच्या फोनवर qd, णद आणि त्यांच्या हिंदी जोड्या, मुलाच्या फोनवर त्याच. गवताच्या पॅडचे भाव सीझन चढला की हलतात, तेव्हा हे काम मार्चच्या सुरुवातीला एकदा आणि मे लागण्याआधी एकदा करून टाका.

तुमच्या बाजूची यादी जपण्यासाठी जीबोर्डच्या Personal dictionary च्या पानावर तीन ठिपक्यांत Export आहे का पाहा. नसेल तर प्ले स्टोअरमधून जीबोर्ड अद्ययावत करा. निघालेली फाइल झिप असते. तिच्या आत साधी मजकुराची फाइल असते आणि एका ओळीत एक नोंद असते. ती स्वतःला ईमेल करून ठेवा. फोन बदलल्यावर त्याच ठिकाणच्या Import ने सगळ्या नोंदी परत येतात. हे आधीच करून ठेवायचं, कारण जीबोर्डचा डेटा पुसला की शब्दकोशही जातो, आणि फोन अडकला म्हणून दुकानवाला पहिला सल्ला नेमका "डेटा क्लिअर करा" हाच देतो.